पक्क्या गिऱ्हाइकांचा गट : गुऱ्हाळापासून मोशी-वाकडपर्यंत



मागे खोडव्याच्या मशागतीवर गटसभा चालू होती. पाचट कुजवण्याचे सांगून झाले, खताचा हप्ता सांगून झाला, चहा आला, आणि मागच्या रांगेतून एका सभासदाने विषयाला सोडून प्रश्न टाकला. "साहेब, ते जाऊ द्या. मी घरच्या गुऱ्हाळाचा गूळ शहरात विकतो हे तुम्हाला ठाऊक आहे. व्हॉट्सॲपवर ग्रुप केला, दोनशे माणसं भरली. आता तिथं कोण बोलत नाही आणि गूळ पण कोण मागत नाही. रोज निरोप टाकतो तरी अशी गत. हे कशानं?"

सभेत थोडा हशा झाला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्या उत्तर भागातले बरेच सभासद दोन-चार एकरांतला थोडासा ऊस गुऱ्हाळाला ठेवतात. पिंपरी-चिंचवड, मोशी, चिखली, वाकड, रावेत आणि इकडे चाकण अशी वस्ती दाराशी येऊन ठेपल्यामुळे गिऱ्हाईक शोधायला लांब जावे लागत नाही. मिळालेले गिऱ्हाईक टिकवायचे कसे, यावर आमचे हात एकदा पोळलेले आहेत. म्हणून ती हकीकत आज सविस्तर लिहीत आहोत. आरंभीच एक सांगून ठेवतो. कारखान्याकडे नोंद दिलेला ऊस कारखान्यालाच आला पाहिजे. येथे बोलतो आहोत ते नोंदीबाहेर ठेवलेल्या गुंठ्यांबद्दल. आणि ते गुंठे किती थोडे लागतात हे पुढे हिशेबात दिसेलच.

प्रथम आमची फसगत. 2019 साली आमच्या गटातल्या चार सभासदांनी मिळून शहरातल्या शेतकरी आठवडे बाजारात गुळाचा आणि काकवीचा गाळा लावायला सुरुवात केली. शेतकी खात्याच्या वतीने आम्ही मदतीला होतो. जो घेईल त्याचा नंबर वहीत लिहायचा आणि ग्रुपमध्ये घालायचा, असा रिवाज पडला. 2020 च्या टाळेबंदीत तर सोसायट्यांची दारे बंद, दुकाने अर्धवेळ, त्यामुळे मागणी धो धो आली. ग्रुपात 212 माणसे झाली. आम्हाला वाटले, आता मार्केट यार्डाचे तोंड बघायला नको.

टाळेबंदी उठली तशी मागणी उतरली. मग आम्ही काय केले, तर निरोप वाढवले. सकाळी ढेपेचा फोटो, दुपारी भाव, संध्याकाळी "थोडाच माल शिल्लक, आजच मागवा". 2021 च्या दिवाळीपर्यंत ग्रुपात 140 माणसे राहिली आणि त्या महिन्यात गूळ मागवला 19 घरांनी. तेव्हा बसून आम्ही सहा आठवड्यांचे निरोप मोजले. 96 निघाले. त्यातले 81 आमचेच. उरलेल्या 15 मध्ये बहुतेक सुप्रभाताची फुले आणि एका विमा सल्लागाराची जाहिरात. गिऱ्हाइकाने गुळाबद्दल विचारलेला प्रश्न एकच होता, आणि त्याला उत्तर द्यायचे आमच्याकडून राहून गेले होते!

सोडून गेलेल्यांपैकी काहीजणांना आम्ही फोन केले. रागावून कोणी गेले नव्हते. निगडी प्राधिकरणातल्या एका ताईंनी जे सांगितले त्यात सगळे आले. त्या म्हणाल्या, "भाऊ, गूळ चांगलाच आहे. पण मला गूळ लागतो महिन्यातून एकदा आणि तुमचा निरोप येतो दिवसातून तीनदा. शिवाय माझा नंबर दोनशे अनोळखी माणसांना दिसतो. त्यातल्या एकाने मला रात्री फोन केला." या दोन गोष्टी आम्हाला कोणी आधी सांगितल्या असत्या तर दोन वर्षे वाचली असती. गिऱ्हाइकाच्या घरात वस्तू संपायची जी चाल आहे, तीच आपल्या बोलण्याची चाल पाहिजे. आणि व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, ही गोष्ट शेतकऱ्याला किरकोळ वाटली तरी शहरातल्या बाईमाणसाला किरकोळ नसते.

मग दुसरा मार्ग काय? हा मार्ग नवा नाही, आपल्याच मुलखात पन्नास वर्षांपूर्वीपासून चालू आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली आणि 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची रीत अशी की शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा. महिन्याला काय काय लागेल याची मागणी आधी नोंदवायची. पंचायतीने सगळ्यांची मागणी एकत्र करून माल घाऊक घ्यायचा. ठरल्या दिवशी तो संघाकडे यायचा आणि घरच्या मंडळींनी आपसात वाटून घ्यायचा. कामाचा मोठा भाग स्वयंसेवकच करतात. तेथे कोणी "आजच घ्या" म्हणून मागे लागत नाही. तरी कुटुंबे वर्षानुवर्षे टिकतात, कारण प्रत्येक घराचे नाते शेजारच्या घराशीही आहे. मागणी दिली नाही तर शेजारीण विचारते, "यंदा काय झालं?"

जपानात याच धर्तीची हकीकत आहे. टोकियोच्या सेतागाया भागात 1965 साली दोनशे बायकांनी मिळून दुधाच्या तीनशे बाटल्या घाऊक घेतल्या, कारण दुकानात दूध महाग पडत होते. त्यातून 1968 मध्ये सेइकात्सु क्लब नावाची ग्राहक सहकारी संस्था झाली. तिचा पाया म्हणजे "हान", म्हणजे शेजारच्या थोड्या घरांचा गट. गटाने आगाऊ मागणी द्यायची, माल एका ठिकाणी उतरवायचा, वाटप गटाने करायचे. पुढे तिकडच्या बायका नोकरीला जाऊ लागल्या, दिवसा घरी माल उतरवून घ्यायला कोणी उरले नाही, तेव्हा ही हानची पद्धत ढिली पडली आणि घरपोच वाटप वाढले. हा दाखला मुद्दाम देत आहोत. वाकड-पुनावळ्याकडे नवराबायको दोघेही नोकरीला जातात, त्यामुळे तीच अडचण आपल्यापुढे येते. त्याबद्दल खाली लिहिले आहे.

आता हिशेब करू. चार माणसांचे घर, ज्यांच्याकडे चहात आणि भाजी-आमटीत गूळ पडतो, महिन्याला साधारण दीड किलो गूळ घेते. अशी ऐंशी घरे धरली तर महिन्याला 120 किलो, वर्षाला 1440 किलो. एक टन उसापासून शंभर ते सव्वाशे किलो गूळ निघतो, तो आपल्या चुलाणावर आणि आपल्या उसाच्या गोडीवर अवलंबून. सरासरी 105 किलो धरा. म्हणजे वर्षाला पावणेचौदा टन ऊस पुरला. एकरी चाळीस टनांचा उतारा धरला तर हे झाले अवघे चौदा गुंठे! ऐंशी पक्की घरे मिळाली की चौदा गुंठ्यांचा गूळ वर्षभर एका भावाने जातो. मग दोनशे-तीनशे माणसे ग्रुपात कोंबायची गरजच काय? ऐंशी घरांना पुरवताना आपली दमछाक होते. आठशे घरे झाली तर दुसऱ्याचा गूळ आणून आपल्या नावावर विकायची पाळी येते, आणि गिऱ्हाइकाला ते पहिल्याच घासाला कळते.

2022 च्या आरंभी आम्ही तो 140 चा ग्रुप बंद केला. बंद करताना साधा निरोप दिला की रोजच्या निरोपांचा त्रास झाला, माफी असावी, ज्यांना गूळ नियमित लागतो त्यांना आम्ही स्वतः फोन करू. मग विक्रीची वही काढून बसलो. मागच्या बारा महिन्यांत ज्यांनी तीन वेळा किंवा अधिक माल घेतला तेवढ्यांच्याच नावापुढे खूण केली. एकदा घेणारा चव बघतो, दुसऱ्यांदा घेणारा कदाचित सणासाठी घेतो, तिसऱ्यांदा घेणाऱ्याच्या घरात आपल्या गुळाची सवय लागलेली असते. अशी 47 घरे निघाली. फोन करून विचारले तेव्हा 41 घरे तयार झाली. दोनशे बारावरून एकेचाळीस! सोबतच्या सभासदांची तोंडे उतरली होती, हे कबूल करतो.

या घरांची आम्ही पत्त्याप्रमाणे वाटणी केली. एका सोसायटीत किंवा समोरासमोरच्या दोन सोसायट्यांत जी घरे येतील त्यांचा एक गट. एका गटात चौदापेक्षा जास्त घरे घ्यायची नाहीत. हा आकडा आम्ही पुस्तकातून घेतलेला नाही. चौदा घरांचा गूळ म्हणजे एकवीस किलो, तो दोन क्रेटांत बसतो आणि गटप्रमुखाच्या घरात दाराआड ठेवता येतो. त्याहून जास्त झाला की तो पार्किंगमध्ये ठेवावा लागतो आणि तिथे मुंग्या लागतात. गटप्रमुख म्हणजे त्याच सोसायटीतली एक व्यक्ती. तिला आम्ही पगार किंवा कमिशन देत नाही, तिच्या घराचा गूळ आमच्याकडून असतो. कमिशन एकदा देऊन पाहिले होते. तेव्हा त्या गृहस्थांनी लिफ्टमध्ये भेटेल त्याला गळ घालून गटात आणले आणि दोन महिन्यांत अर्धे गळाले.

प्रत्येक गटाचा स्वतंत्र ग्रुप आहे. शेजाऱ्यांचे नंबर एकमेकांकडे असतातच, त्यामुळे नंबर दिसण्याची तक्रार राहिली नाही. नवीन घर यायचे तर जुन्या घराने नाव सांगावे लागते आणि आधी तीन महिने ग्रुपाबाहेर राहून माल घ्यावा लागतो. अशा घरांना निरोप पाठवायला आम्ही प्रसारण यादी वापरतो. तिच्यात नंबर एकमेकांना दिसत नाहीत. मात्र ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो निरोप पोचतो, म्हणून पहिल्या खरेदीला नंबर साठवून घ्यायला सांगावे. यात एक फायदाही आहे. ज्याने नंबर साठवलाच नाही त्याला निरोप नकोच होता असे समजायला हरकत नाही.

मागणीची तारीख ठरवताना आम्ही नोकरदाराचा पगार बघितला. पाच तारखेच्या सकाळी मागणी उघडते आणि आठ तारखेच्या रात्री बंद होते. पैसे मागणीबरोबरच. वाटपाचा वार मात्र सगळ्यांना एक चालत नाही. भोसरी-पिंपरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, तर हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत जाणारे शनिवार-रविवारी घरी असतात. म्हणून मोशी, चिखली आणि निगडीच्या गटांना दुसऱ्या गुरुवारी, वाकड आणि पिंपळे सौदागरला त्यानंतरच्या रविवारी असा क्रम लावला. पूर्वी पत्त्यापत्त्याने टेम्पो फिरवायचो तेव्हा दोन दिवस जात. आता एका फेरीला साडेतीन तास लागतात.

गटाच्या घरांना सवलत द्यायची का, हा वाद आमच्यात पुष्कळ झाला. शेवटी ठरले की भावात सवलत द्यायची नाही. त्याऐवजी दोन गोष्टींची हमी द्यायची. हंगामाच्या सुरुवातीला जो भाव ठरेल तो पुढच्या हंगामापर्यंत बदलायचा नाही, आणि माल कमी पडला तर गटाच्या घरांना आधी मिळेल. सवलतीने आलेला माणूस दुसरीकडे दोन रुपये कमी दिसले की जातो. एकच भाव राहिला की गृहिणी वर्षाचा अंदाज बांधू शकते, आणि तो अंदाज मोडायला तिलाही नको वाटते.

आता मुख्य प्रश्न. मागणी महिन्यातून चार दिवस. मग बाकीच्या सव्वीस दिवसांत गट जिवंत कसा राहायचा, आणि तोही विक्रीचा गजर न करता?

आम्ही महिन्याला चार निरोपांची मर्यादा घालून घेतली. एक मागणी उघडल्याचा, एक माल निघाल्याचा, आणि दोन शेतातले. शेतातल्या निरोपात भाव लिहायचा नाही, "मागवा" हा शब्द लिहायचा नाही. त्याच दिवशी काढलेला एक फोटो आणि दोन-तीन ओळी. आपल्याला जे रोजचे वाटते ते शहरातल्या माणसाला नवीन असते, हे आमच्या उशिरा लक्षात आले. आडसाली लागणीला टिपरी कशी मांडतात, बांधणी केल्यावर सरीचा वरंबा कसा होतो, तुरा आला म्हणजे काय झाले, काहिलीतल्या रसावर मळी येते ती कशी काढतात, भेंडीचे पाणी रसात का घालतात. यातला प्रत्येक विषय एका निरोपाला पुरतो. सगळ्यात जास्त बोलणे झाले ते रंगावर. आमचा गूळ तांबूस-काळपट का, बाजारातला पिवळाधमक का, असे एका बाईंनी विचारले. आम्ही सांगितले की रस फिका दिसावा म्हणून पुष्कळ ठिकाणी हायड्रॉस पावडर टाकतात, आपण टाकत नाही. शिवाय उसाला युरिया जास्त झाला, तोडीआधी पाणी जास्त झाले किंवा जमीन खारवट असली तरी गूळ काळा आणि मऊ पडतो, त्यामुळे काळा दिसला की चांगलाच, असेही नसते. ही दुसरी बाजू सांगितल्यामुळे पहिलीवर विश्वास बसला, असे आमचे मत आहे.

विचारलेल्या प्रश्नाचा माल बदलण्यात उपयोग झाला तर गट फार टिकतो. निगडीच्या गटात दोन वृद्ध जोडपी आहेत. त्यांनी सांगितले की किलोची ढेप फोडायला हातात जोर नाही, आणि फोडून ठेवली की ओल धरते. तेव्हापासून अर्ध्या पावाचे तुकडे पाडणारे साचे केले. पुढच्या महिन्यात इतर गटांतल्या निम्म्या घरांनीही तेच मागितले. सूचना कोणी केली हे आम्ही सगळ्या गटांना कळवले. आजोबा त्या दिवसापासून जवळजवळ गुऱ्हाळाचे भागीदार झाले आहेत. फोन करून चुलाणाची चौकशी करतात.

वर्षातून एकदा, जानेवारीतल्या एका रविवारी, सगळ्या गटांना गुऱ्हाळावर बोलावतो. तीस-चाळीस माणसे येतात. त्या दिवशी विक्री पूर्ण बंद. गरम काकवी, भाकरी, उसाचा रस. आपल्या चाकणच्या बजाजच्या कारखान्यात ज्या केटीएम मोटारसायकली होतात, त्यांच्या मालकांसाठी कंपनी मैदानावर मेळावे भरवते. तिथे घेतलेली गाडी चांगली चालवायला शिकवतात. गाडी त्याने आधीच घेतलेली असते, तरी तो हौसेने जातो. तसेच गुळाचे. घरात आलेल्या गुळाचे काय करायचे, पाक कधी उतरवायचा, गुळपोळीचे सारण का फुटते, हे सांगणारी एखादी सभासद भगिनी त्या दिवशी चुलीपाशी बसवली की बायका तिच्याभोवतीच असतात. एक खबरदारी घ्या. काहिलीपासून दहा फुटांवर दोरी बांधा आणि लहान मुलांकडे एक माणूस उभा करा. उकळत्या रसाचा चटका पाण्याहून वाईट, कारण तो अंगाला चिकटतो.

आता एक बिघाडाची गोष्ट. 2023 च्या जुलैत आमचा गूळ पाझरला. गूळ हवेतली ओल ओढतो हे आम्हाला काय ठाऊक नव्हते? पण त्या वर्षी एका खोलीत अस्तराच्या पिशव्या कमी पडल्या म्हणून काही ढेपा नुसत्या गोणपाटावर ठेवल्या गेल्या. वाटप झाल्यावर उरलेला साठा बघताना ते दिसले. तोपर्यंत कोणाची तक्रार आली नव्हती. दोन मते पडली. एक म्हणे, गप्प बसा, कोणी बोलले तर बदलून देऊ. आम्ही त्याच संध्याकाळी सगळ्या गटांना निरोप दिला की खोली क्रमांक दोनचा गूळ ओलसर निघाला आहे, ढेप हाताला चिकटत असेल तर तो चहाला आधी संपवा, आंबूस वास येत असेल तर खाऊ नका, पुढच्या फेरीत वजनाला वजन बदलून देऊ. नऊ घरांनी बदलून मागितला. सात घरांनी कळवले की चिकटतो आहे पण चालेल, बदलू नका. त्या ऑगस्टमध्ये मागणी देणारी घरे जुलैपेक्षा तीन जास्त होती. मात्र दुसऱ्या वर्षी पुन्हा तीच चूक झाली असती तर हा निरोप उपयोगी पडला नसता, हेही खरे.

गट जिवंत आहे की मेला आहे हे ओळखायचे कसे? येथे आमची एक मोठी चूक झाली. ग्रुपात गप्पा चालल्या म्हणजे गट जिवंत, असे आम्ही समजत होतो. पिंपळे सौदागरच्या गटात तेरा घरे. ग्रुपात रोज काही ना काही चालू. पण वहीत मागणी देणारी घरे बघितली तर चार महिन्यांत 12, 11, 8, 7. गप्पांच्या आवाजात ही गळती झाकली गेली. प्रत्यक्ष गेलो तेव्हा कारण सापडले. गटप्रमुख ताईंची बदली होऊन त्या गेल्या होत्या, माल सुरक्षा रक्षकाच्या खोलीत उतरत होता, आणि दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरांना तो रात्री आणायला संकोच वाटे. बोलायलाही संकोच, कारण गूळ तर चांगला होता! नवीन गटप्रमुख नेमल्या, संध्याकाळी सात ते नऊ अशी वेळ ठरवली. तीन महिन्यांत आकडा पुन्हा अकरावर आला. जपानातल्या हानची जी अडचण वर सांगितली ती हीच. उलट निगडीच्या दुसऱ्या गटात महिनोन्‌महिने कोणी अक्षर लिहीत नाही, पण चौदापैकी तेरा घरांची मागणी ठरल्या दिवशी येते. अशा गटाला डिवचू नये. त्याला बोलके करायला जाल तर बिघडवाल.

म्हणून आता आम्ही वहीचे एक पान ठेवतो. प्रत्येक गटापुढे दर महिन्याला तीनच आकडे. किती घरांनी मागणी दिली, त्यातली किती नवीन घरे जुन्या घराच्या सांगण्यावरून आली, आणि सलग दोन महिने कोणी मागवले नाही. या शेवटच्या घरांना निरोप पाठवायचा नाही, फोन करायचा. आणि फोनवर गूळ विकायचा नाही, विचारायचे. कोणाकडे मधुमेह निघालेला असतो, कोणी गावाला गेलेले असते, कोणाला मागच्या ढेपेत काडी सापडलेली असते. जायचेच असेल तर ग्रुपातून मोकळे करावे. बाहेर पडायला संकोच वाटून तसेच राहिलेले घर पुढे दुसऱ्यांनाही थंड करते.

मर्यादाही लिहिल्या पाहिजेत. हे काम एका घरातल्या कोणीतरी नेमाने करावे लागते, आठवड्याला चार-पाच तास तरी जातात. चौघांनी मिळून केले तर निरोप लिहिणारा एकच असावा. चार हातांनी लिहिले की पुन्हा दिवसाला तीन निरोप सुरू होतात. खाद्यमाल विकायचा म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी घेतली पाहिजे, तिला फाटा देऊ नये. आणि उत्पन्न फार वाढेल अशी आशा धरून कोणी पन्नास गुंठे गुऱ्हाळाला ठेवू नयेत. चौदा गुंठ्यांपलीकडचा गूळ शेवटी बाजाराच्या भावानेच जातो, असा आमचा चार वर्षांचा अनुभव आहे. आजही आमच्या सहा गटांत मिळून 83 घरे आहेत आणि त्यापुढे आम्ही वाढवलेली नाहीत. चार घरे बाहेर थांबलेली आहेत, जागा झाली की येतील.

राहता राहिले ते सभेत प्रश्न विचारणारे सभासद. त्यांना आम्ही विक्रीची वही घेऊन यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ते आले. वही पावसात भिजलेली, पण अक्षर लागत होते. दोन तास बसून खुणा केल्या. दोनशे माणसांत तीन वेळा घेणारी घरे निघाली तेवीस. त्यातली अकरा मोशीत समोरासमोरच्या दोन सोसायट्यांत राहतात, आणि त्यातली एक बाई तर त्यांच्या मुलीची शाळेतली बाईच निघाली! गटप्रमुख होण्याबद्दल त्यांना विचारणार आहेत. त्यांचा पहिला टेम्पो पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी निघेल, आमचाही त्याच रस्त्याने जातो, तेव्हा भाडे निम्मे निम्मे करायचे ठरले आहे.